दोन वर्षांत तयार होईल

आमच्या कंपनीत एक कागद दरवर्षी फिरायचा. त्यावर महत्त्वाच्या पदांची नावं असायची आणि प्रत्येक पदापुढे हा माणूस गेला तर त्याच्या जागी कोण, हे लिहायचं असायचं. गोऱ्या साहेबांच्या काळात तो लंडनला जायचा. सरकारने तेल कंपन्या ताब्यात घेतल्या, साहेब गेले, त्यांचे क्लबही गेले, पण हा कागद काही गेला नाही. कलकत्त्याच्या हेड ऑफिसात पर्सोनेल खात्यात तो माझ्याकडे आला, कारण बाकी कोणालाच तो नको होता.

मी तेव्हा पस्तिशीची होते. जन्म कलकत्त्याचाच. वडील इथल्या कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे घरात मराठी, गल्लीत बंगाली आणि ऑफिसात इंग्रजी अशी माझी जीभ तीन घरची. जीभ तिखट आहे हे सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच जाहीर केलं होतं. त्यात काही खोटं नव्हतं.

कागद कसा होता ते सांगते. पद, सध्या कोण, निवृत्त केव्हा. मग त्याच्या जागेसाठी तीन रकाने: आत्ता तयार, एक-दोन वर्षांत तयार, तीन ते पाच वर्षांत तयार. त्यापुढे त्या माणसाने अजून काय शिकायचंय, ते कुठे आणि कोणाच्या हाताखाली, आणि कोणत्या तारखेपर्यंत. कागद गोपनीय. ज्याचं नाव लिहिलंय त्याला सांगायचं नाही. दिसायला मोठा शहाणा कागद! पण भरणारे आमचे अधिकारी. आपल्या जागी दुसऱ्याचं नाव लिहायचं म्हटलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू मी त्यांना तिरडीचं सामान आणायला सांगतेय. तीन खातेप्रमुखांनी तर एकाच माणसाचं नाव तीन पदांपुढे लिहून दिलं होतं. मी विचारलं, "हा एकटा तीन खुर्च्यांवर बसणार कसा?" तर म्हणाले, "मिसेस, वेळ येईल तेव्हा बघू."

आता बजबजच्या डेपोचं ऐका, कारण सगळं तिथेच घडलं.

कलकत्त्याजवळच बजबजला नदीकाठी आमच्या तेलाच्या टाक्या होत्या. जहाज जेटीला लागायचं, तेल पाइपातून टाक्यांत यायचं आणि तिथून टँकरने, वॅगनने सगळीकडे जायचं. त्या डेपोचे मॅनेजर म्हणजे उत्तर कलकत्त्यातल्या बागबाजारचे एक सडपातळ बंगाली गृहस्थ, नेहमी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. डेपोतला एकूण एक व्हॉल्व्ह त्यांना हाताने ओळखता यायचा. बंगाली वडीलधारे मुलीच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं ते मला 'मा' म्हणायचे. मला ते आवडायचे. आवडायचे म्हणूनच जास्त राग यायचा.

कारण त्यांच्या हाताखाली एक डेप्युटी होते. चाळिशी उलटून पुढे गेलेले, कमी बोलणारे, कामाला चोख. मॅनेजरांनी दरवर्षी त्यांचं नाव एकाच रकान्यात लिहिलं होतं: दोन वर्षांत तयार. मी जुने कागद काढून बघितले. माझ्या आधीच्या साहेबांच्या काळातही दोन वर्षांत तयार. त्याच्याही आधी दोन वर्षांत तयार. बाई गं, इतक्या काळात शाळकरी पोरगं डॉक्टर होऊन बाहेर पडलं असतं! आणि काय शिकायचंय त्या रकान्यात काय, तर "वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली अधिक अनुभव घ्यावा." कुठला अनुभव, कोण देणार, कधीपर्यंत, सगळं कोरं.

त्या वर्षी मॅनेजर निवृत्तीला आले होते. आमचे जनरल मॅनेजर मद्रासकडचे, शब्द जपून वापरणारे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बजबजसाठी आत्ता तयार असा माणूस कागदावर दिसला नाही, तर मुंबईहून एक जण येईल. दिल्लीला तसं कळवावं लागेल. आढावा बैठक दिवाळीनंतर आहे." मुंबईचा तो माणूस वयाने लहान होता. तो आला की डेप्युटी आयुष्यभर डेप्युटीच राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्याच आठवड्यात डेप्युटी हेड ऑफिसात आले होते. जिन्याजवळ थांबले आणि रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, कागदावर काय लिहिलंय ते मी विचारत नाही. मला माहीत आहे तुम्ही सांगू शकत नाही. एवढंच सांगा, वाट बघू की नको?"

मी काय बोलणार? कागद गोपनीय. मी "बघू या" असलं काहीतरी पुटपुटले. ते नमस्कार करून गेले. त्या दिवशी मी इतकी चिडले होते की घरी येऊन आमटीत दोनदा मीठ घातलं. आमचे हे बँकेत, बदलीने कलकत्त्याला आलेले आणि माझ्यामुळे इथेच अडकलेले. ते म्हणाले, "अगं, आपल्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी बघ. गणपतीच्या मखरापासून वर्गणीच्या पावतीपर्यंत सगळं स्वतः करतात आणि वर म्हणतात, तरुण पोरं पुढे येत नाहीत. पुढे यायला जागा कुठंय? हे दारातच उभे!"

आमचे हे क्वचित शहाण्यासारखं बोलतात, त्यातलं हे एक. दारातच उभे! मी दुसऱ्या दिवशी बजबजची लोकल पकडली.

मॅनेजरांनी चहा मागवला, संदेशची मिठाई मागवली, माझ्या मुलाची चौकशी केली. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "दादा, याला नक्की काय येत नाही ते सांगा."

"सगळं येतं, मा. उत्तम माणूस आहे."

"मग आत्ता तयार लिहा."

"तसं कसं? संकटाच्या वेळी निर्णय घेताना मी त्याला कधी बघितलं नाही."

"का नाही बघितलं?"

"कारण तेव्हा मी इथे असतो ना!" ते अगदी सरळपणे म्हणाले. त्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. मी डोक्याला हात लावला.

मग मी सगळं खोदून काढलं. या माणसाने सलग अशी रजा कधी घेतलीच नव्हती. एखाद-दोन दिवस गेले तर ऑर्डर निघायची की डेप्युटींनी फक्त रोजची कामं बघावीत. पूर्ण कार्यभार कधीच नाही. शिवाय जाताना सांगून जायचे, काही झालं तर घरी फोन करा. आता पोहायला येत नाही म्हणून पाण्यात सोडत नाही, आणि पाण्यात सोडत नाही म्हणून पोहायला येत नाही. यावर मार्गदर्शन कसलं डोंबलाचं करायचं?

परतीच्या लोकलमध्ये मला सुचलं ते मी ऑफिसात पोचताच टाइप करायला दिलं. काय शिकायचंय: डेपोचा पूर्ण कार्यभार एकट्याने सांभाळणे. त्यासाठी करायची गोष्ट: सध्याच्या मॅनेजरांनी एक महिना सलग रजेवर जाणे. जबाबदार व्यक्ती: सध्याचे मॅनेजर. मुदत: दुर्गापूजा संपल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारपासून. रजेत डेपोत येऊ नये, फोन करू नये. मध्यावर पर्सोनेल खात्याने जाऊन आढावा घ्यावा.

शिकायची पायरी एकाची आणि ती चढायची दुसऱ्याने! असं आमच्या कागदावर आजवर कोणी लिहिलं नव्हतं. जनरल मॅनेजरांनी दोनदा वाचलं, ओठांच्या कोपऱ्यात हसले आणि सही केली.

मॅनेजर भयंकर दुखावले. मला फोन आला. "मा, तू मला माझ्याच घरातून बाहेर काढतेस?" मी म्हटलं, "हो दादा, काढते. एक महिना." मग म्हणाले, "ठीक आहे. पुरीला जाईन. समुद्र बघेन. तुझा कागद सुखी राहो." मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण डेप्युटींचा तो जिन्यावरचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

कार्यभार सोपवण्याच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. डेप्युटींना मी एवढंच सांगितलं की ऑर्डरमधला 'पूर्ण' हा शब्द नीट वाचा. त्यांनी वाचला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गोपनीयतेचा भंग म्हणायचा तर म्हणा.

महिन्याच्या मध्यावर मी आढाव्याला निघाले. स्टेशनवरून सायकलरिक्षा केली. डेपोचं फाटक दिसायला लागलं आणि रस्त्याच्या पलीकडे, जरा लांब, एक चहाचं दुकान होतं तिथे बाकावर पांढरंशुभ्र धोतर आणि छत्री दिसली. पुरीला गेलेले आमचे मॅनेजर!

मी रिक्षा थांबवली ती जवळजवळ उडी मारूनच. "दादा! हे काय?"

त्यांनी कपातून वर बघितलं. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे नाही, उलट माझ्यावरच उपकार करत असल्यासारखे. "मी आत गेलेलो नाही. फोन केलेला नाही. तुझ्या कागदात चहा पिऊ नये असं लिहिलंय का?"

"रोज येता?"

"बायको म्हणते, सकाळी कपडे करून घरात येरझाऱ्या घालता, त्यापेक्षा जा एकदाचे." मग आवाज खाली आला. "मा, मला घरी बसवत नाही. खरंच बसवत नाही."

मी काय रागावणार? बाजूला बसले. दुकानदाराने माझ्यासाठीही चहा टाकला. मॅनेजर फाटकाकडे बघून सांगत होते, सकाळी जहाज लागलंय, पेट्रोल उतरतंय, टँकरची रांग रोजच्यापेक्षा नीट लागलीय. ते "नीट" म्हणताना त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं ते मला कळलं नाही.

आणि तेवढ्यात भोंगा झाला.

सरावाचा भोंगा मी ऐकला होता, पण सरावाच्या वेळी लोक हसत चालतात. आता आतून माणसं धावताना दिसत होती. मॅनेजर ताडकन उठले. कप बाकावर कलंडला. "जेटीची लाइन," ते म्हणाले. "नळ्या जोडतात तिथे सांधा सुटला असणार. बघ, माणसं जेटीकडूनच येतायत." आणि रस्ता ओलांडून निघाले. मी त्यांच्या मागे.

फाटकावरचा दरवान जुना. त्याने यांना बघितलं, सलाम ठोकला आणि सवयीने छोटं दार उघडायला कडीला हात घातला. मॅनेजर दारापाशी पोचले, एक हात दाराला लागला, आणि तिथेच थांबले.

"कोणाच्या परवानगीने उघडतोस?" त्यांनी विचारलं.

दरवान गोंधळला. "साहेब, तुम्ही..."

"भोंगा झाला की आतल्या प्रमुखाच्या हुकुमाशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही. हा नियम कोणी केला?"

"तुम्हीच, साहेब."

"मग बंद कर."

दार बंद झालं. ते बाहेर उभे राहिले. मला वाटलं होतं मी धीराची बाई आहे, पण तेव्हा मी पिशवी छातीशी घट्ट धरली होती. ते मात्र पुटपुटत होते, माझ्याशी नाही, स्वतःशीच: "आधी जहाजाचा पंप बंद. व्हॉल्व्ह आधी बंद केलास तर दाब अंगावर येईल. आधी जहाज. सांग त्यांना... आधी जहाज..." आत जाऊन ओरडणं त्यांना किती सोपं होतं! न जाणं किती अवघड होतं ते मी शेजारी उभी राहून बघत होते, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की मी या माणसाकडून फारच मागितलं.

टँकरची इंजिनं एकामागून एक बंद झाली. मग फाटकातून एक पहारेकरी बादली घेऊन धावत बाहेर आला, आमच्याकडे न बघता रस्ता ओलांडून थेट चहाच्या दुकानात गेला आणि धगधगत्या चुलीवर बादली ओतली. धूर, वाफ, राख! दुकानदार किंचाळला. पहारेकरी म्हणाला, "डेप्युटी साहेबांचा हुकूम. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटत येते. भोंगा झाला की सगळ्यात आधी ही चूल विझवायची. पैसे मागून घे, साहेब देणार आहेत."

मॅनेजर त्या विझलेल्या चुलीकडे बघत राहिले. "चूल," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी त्या बाकावर चहा प्यालो, मा. चूल मला दिसलीच नाही."

थोड्या वेळाने धोका टळल्याचा लांब भोंगा झाला. आत कोणी धावत नव्हतं. डेप्युटी स्वतः फाटकाकडे आले, हेल्मेट काखेत, शर्ट घामाने आणि आग रोखायच्या फेसाने भिजलेला. जहाजाचा पंप आधी थांबवला, मग व्हॉल्व्ह, मग गळतीवर फेस, कोणाला इजा नाही, असं ते दरवानाला फोनवर हेड ऑफिसला कळवायला सांगत होते. आणि मग जाळीपलीकडे त्यांना मॅनेजर दिसले.

त्यांचा चेहराच पडला. इतक्या मोठ्या कामगिरीनंतर एखाद्याचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नाही. आपल्यावर पाळत होती, आपला भरवसा नव्हताच, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "सर, तुम्ही इथे होतात?"

"होतो."

"मग आत का नाही आलात?"

मॅनेजर म्हणाले, "मला कोणी बोलावलं नाही." मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता येऊ का?"

दरवानाचा हात पुन्हा कडीकडे गेला. डेप्युटींनी खाली बघितलं, हेल्मेट डोक्यावर नीट बसवलं आणि म्हणाले, "नाही सर. वाफ पूर्ण गेली की नाही ते मी अजून तपासलेलं नाही. तोपर्यंत बाहेरच्या कोणालाही नाही."

बाहेरच्या! मॅनेजर दारापासून एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी मान खाली घातली, आपल्या साहेबापुढे घालावी तशी. "बरोबर आहे," म्हणाले, "जा, तपासून घ्या." आणि माझ्याकडे वळले. "मा, तो तुझा कागद आण."

आढाव्यासाठी कागद माझ्या पिशवीत होताच. विझलेल्या चुलीजवळच्या बाकावर बसून त्यांनी स्वतःच्या हाताने दोन वर्षांचा रकाना खोडला, आत्ता तयार यात डेप्युटींचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. पुढे दिवाळीनंतरच्या बैठकीत जनरल मॅनेजरांनी तो कागद बघितला, मुंबईच्या माणसाचा कागद बाजूला सारला आणि विचारलं, "काही शंका?" कोणालाच नव्हती. डेप्युटींना वाट बघायची गरज उरली नाही, हे त्यांना जिन्यावर मीच सांगितलं आणि या वेळी नियम मोडूनच सांगितलं.

पण त्या दिवशीची परतीची लोकल मला जास्त आठवते. आम्ही समोरासमोर बसलो होतो. त्यांच्या धोतरावर चुलीची राख उडाली होती, ती ते झटकत नव्हते. मला राहवलं नाही. "दादा, त्यांनी तुम्हाला आत येऊ द्यायला हवं होतं. निदान मान म्हणून तरी."

"चूक, मा," ते म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. डोळे मात्र भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "तो पंप थांबवेल हे मला ठाऊक होतं. चूल विझवली तेव्हा तर मी मनातून हरलोच. पण त्याने मला आत घेतलं असतं ना, तर मी तुझ्या कागदावर पुन्हा दोन वर्षंच लिहिली असती."